पुरवठादाराकडून डिलिव्हरीच्या तारखा लेखी मागायला लागल्यापासून: काही महिन्यांचा अनुभव

मी पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी विभागात काम करतो. पंपाचं बाहेरचं कवच, म्हणजे हाउसिंग, आम्ही एका फाउंड्रीकडून ओतून घेतो. मालाचा दर्जा उत्तम, भाव वाजवी, माणसंही चांगली. पण तारीख काही पाळली जात नव्हती. फोन केला की "दोन दिवसांत निघतोय" हे ठरलेलं उत्तर मिळायचं. लॉट उशिरा यायचा, आम्ही तो मुकाट्याने उतरवून घ्यायचो आणि पुढच्या लॉटला पुन्हा तेच व्हायचं. शेवटी आम्ही पद्धत बदलली. सलग दोन लॉट उशिरा आले की फोनवरचा पाठपुरावा बंद करायचा आणि पत्र पाठवायचं. त्यात उरलेल्या मालाच्या तारखा लेखी मागायच्या, आणि त्या मिळाल्या नाहीत तर काही माल दुसरीकडून घ्यावा लागेल हे स्पष्ट लिहायचं. ही पद्धत आता बरेच महिने चालू आहे, त्यामुळे तिच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल.

सगळ्यात जास्त फरक पडला तो तारीख कशी मागायची ते ठरवल्यामुळे. आधी आम्ही "डिलिव्हरी कधी?" एवढंच विचारायचो. फाउंड्रीच्या लेखी डिलिव्हरी म्हणजे माल त्यांच्या गेटबाहेर पडणं आणि आमच्या लेखी तो आमच्या स्टोअरमध्ये जमा होणं. मधला वाहतुकीचा वेळ कुणाच्याच हिशेबात नव्हता. त्यात ओतून झालेलं कास्टिंग म्हणजे तयार माल नव्हे. ते थंड व्हावं लागतं, फेटलिंग होतं म्हणजे जादा धातू काढून ते साफ केलं जातं, मग मशीनिंग आणि तपासणी. "माल तयार आहे" याचा अर्थ यातल्या कुठल्याही टप्प्यावर असू शकतो. म्हणून आता पत्रात प्रत्येक लॉटसाठी नग किती, सध्या कुठल्या टप्प्यावर आहेत, रवाना कधी होणार आणि आमच्याकडे पोहोचणार कधी, असे चार रकाने देतो. टप्प्याचा रकाना खरा कामाचा. ज्या लॉटचं ओतकामच झालेलं नाही, त्याच्यापुढे चार दिवसांनंतरची तारीख लिहिली असेल तर ती पाळली जाणार नाही हे कागदावरच कळतं.

उत्तराची मुदत मनाला येईल तशी देऊ नये, ती स्टॉकवरून काढावी. आमचंच एक उदाहरण सांगतो. ऑर्डर १२०० नगांची होती, आले होते ३०० आणि बाकी होते ९००. रोजचा वापर ४० नगांचा आणि हातात ४८० नग, म्हणजे १२ कामाच्या दिवसांचा साठा. दुसऱ्या फाउंड्रीचा नमुना आधीच तपासून मंजूर केलेला होता आणि ऑर्डर दिल्यापासून पहिला लॉट यायला तिला ८ दिवस लागत होते. १२ मधून ८ गेले की ४ उरतात, त्यातला एक दिवस आमच्या अंतर्गत मंजुरीसाठी धरला. म्हणून पत्रात मुदत दिली ३ कामाच्या दिवसांची. फाउंड्रीच्या मालकांनी फोनवर "आठवडाभर तरी द्या" म्हटलं, तेव्हा हाच हिशेब त्यांना सांगता आला. त्यावर वाद झाला नाही.

पत्रातला मुख्य मजकूर असा होता: "आपल्याकडील लॉट ठरलेल्या तारखेनंतर येत असल्याने आमच्या उत्पादनात अडथळा येत आहे. उर्वरित ९०० नगांच्या तारखा सोबतच्या तक्त्यात भरून, सही करून ३ कामाच्या दिवसांत पाठवाव्यात, ही विनंती. ज्या नगांची तारीख या मुदतीत निश्चित होणार नाही, तेवढे नग आम्हाला अन्य पुरवठादाराकडून घ्यावे लागतील. सुधारित तारखा स्वीकारल्या तरी मूळ तारखांबाबतचे आमचे हक्क कायम राहतील."

यातलं शेवटचं वाक्य बरेच जण गाळतात. नवी तारीख लेखी मान्य केली की पुरवठादाराला पुढे असं म्हणता येतं की जुनी तारीख तुम्हीच बदललीत, मग उशीर कसला? ते वाक्य असलं की ही पळवाट राहत नाही. "तेवढे नग" हे शब्दही जाणूनबुजून घातले आहेत. संपूर्ण ऑर्डर रद्द करण्याची भाषा केली की समोरचा माणूस बचावाला उभा राहतो आणि तारखांचा विषय बाजूला पडतो. शिवाय दुसरीकडून माल घेऊ असं कळवणं वेगळं आणि आधीची ऑर्डर रद्द करणं वेगळं. जेवढे नग दुसरीकडे दिले, तेवढे पहिल्या ऑर्डरमधून कमी केल्याचं नंतर वेगळ्या पत्राने कळवावं लागतं. नाहीतर दोन्हीकडून माल येतो आणि दोन्ही बिलं आपल्याच गळ्यात पडतात.

पहिलं उत्तर आलं, "लवकरात लवकर पाठवतो." तक्ता कोराच होता. आम्ही त्याच दिवशी उलट कळवलं की तारीख नसलेलं उत्तर हे उत्तर धरता येणार नाही आणि मुदत तीच आहे. मग भरलेला तक्ता आला. त्यात ५०० नगांच्या तारखा पक्क्या होत्या, आणि उरलेल्या ४०० नगांसमोर लिहिलं होतं की मशीनिंगची क्षमता अपुरी आहे, तारीख देता येत नाही. इतके दिवस फोनवर न कळलेलं उशिराचं कारण एका रकान्यातून कळलं. ओतकाम वेळेवर होत होतं, माल अडत होता तो मशीनिंगला. ते ४०० नग आम्ही दुसऱ्या फाउंड्रीला दिले. ५०० नगांपैकी पहिला लॉट वेळेवर आला. दुसरा एक दिवस उशिरा आला, पण उशीर होणार हे त्यांनी आधी स्वतःहून कळवलं. पूर्वी असं कधी होत नव्हतं.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही, तेही सांगायला हवं. ओतकामात पॅटर्न लागतो, म्हणजे ज्यावरून साचा तयार करतात ती प्रतिकृती. पॅटर्नचा एकच संच असेल आणि तो पहिल्या फाउंड्रीकडेच पडलेला असेल, तर दुसरा पुरवठादार फक्त कागदावर असतो. नवा पॅटर्न बनवणं आणि नमुना मंजूर करणं यात कित्येक आठवडे जातात, आणि समोरच्याला हे आपल्याइतकंच ठाऊक असतं. अशा भागासाठी पर्यायाचा उल्लेख करू नये. फक्त तारखा मागाव्यात आणि दुसरा पॅटर्न करायला घ्यावा. तसंच पत्र काढण्याआधी आपली बाजू तपासावी. त्यांचं बिल थकलं असेल किंवा आपणच ड्रॉइंग मध्येच बदललं असेल, तर उत्तरात नेमकं तेच येतं आणि आपल्याला बोलायला जागा उरत नाही. पत्रानंतरच्या पहिल्या एक-दोन लॉटची तपासणीही मी कडक ठेवतो. तारीख गाठण्याच्या घाईत फेटलिंग आणि गळती चाचणी उरकली जाण्याची भीती असते.

नोंद ठेवताना सिस्टीममध्ये मूळ तारीख आणि कबूल केलेली तारीख असे दोन वेगळे रकाने आम्ही ठेवले आहेत. सुधारित तारीख मूळ तारखेवरच टाकली की महिनाअखेरच्या अहवालात सगळा माल वेळेवर आल्याचं दिसतं, लाइन दोनदा थांबलेली असली तरी. दोन्ही रकाने शेजारी ठेवल्यावर आमच्या फाउंड्रीचं चित्र असं दिसतं: मूळ तारखांच्या मानाने माल अजूनही मागे आहे, पण लेखी दिलेल्या तारखा ते बहुतेक वेळा पाळतात. म्हणून पुढच्या ऑर्डरमध्ये हाउसिंगचा मोठा वाटा त्यांच्याकडेच ठेवला आहे, आणि मशीनिंग लागणारे काही नग सुरुवातीपासूनच दुसऱ्या फाउंड्रीच्या नावावर लावले आहेत.