बँकेला दिलेलं एक पानी पत्र : पाच महिन्यांच्या वापरानंतर

कर्ज फेडून झालं की घरची कागदपत्रं तीस दिवसांत परत मिळतात, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेचं 13 सप्टेंबर 2023 चं परिपत्रक, 1 डिसेंबर 2023 पासून लागू, उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये. मलाही ठाऊक होतं. तरी जुळे सोलापुरातल्या रो हाउसची फाइल हातात यायला दोन पत्रं लागली. त्यातलं पहिलं पत्र म्हणजे कागदाची नासाडी.

शेवटचा हप्ता 3 जून 2024 ला भरला आणि खातं शून्य झालं. बँकेचं ना हरकत पत्र आलं 14 जूनला. या अकरा दिवसांवर माझा सगळा राग आहे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

पहिलं पत्र 20 जूनला लिहिलं. दोन पानं, पंधरा वर्षांचा इमानदार ग्राहक वगैरे वगैरे. मुदत संपली नव्हती, काय हवंय ते नीट लिहिलं नव्हतं, आणि पोचही घेतली नाही. शाखेतली मुलगी म्हणाली, "काका, फाइल पुण्याच्या गोदामात आहे, आली की फोन करते." फोन आला नाही. त्या पत्राला मी दहापैकी एक गुण देतो, तोही अक्षर चांगलं होतं म्हणून.

दुसरं पत्र 8 जुलैचं, एकाच पानाचं. विषय: गृहकर्ज खाते पूर्ण फेडल्यानंतर मूळ दस्तऐवज परत मिळणे व विलंबाची भरपाई. खाली खाते क्रमांक आणि मग हे वाक्य: "कर्जाची पूर्ण परतफेड दि. 3 जून 2024 रोजी झाली असून तीस दिवसांची मुदत दि. 3 जुलै रोजी संपली आहे. 4 जुलैपासून प्रतिदिन रु. 5,000 भरपाई देय आहे." सोबत खातं शून्य दाखवणारा उतारा आणि कागदांची यादी. ही यादी माझी नव्हे, कर्ज घेताना बँकेनंच सही करून दिलेली, सात नगांची. ती आमच्या मंडळींनी देवघराच्या कपाटात जपून ठेवली होती. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठलो नाही. झेरॉक्ससकट खर्च बारा रुपये.

तिसऱ्या दिवशी फोन! पत्राबद्दलचं माझं मत तिथेच बदललं.

पण 11 जुलैला शाखेत गेलो तेव्हा पाकिटात सहाच नग होते. सूची क्रमांक दोन, माझं खरेदीखत, नोंदणीची पावती सगळं होतं. नव्हतं ते आधीच्या मालकाचं 1994 चं मूळ खरेदीखत. मागची साखळी तुटली की पुढं घर विकताना गिऱ्हाइकाचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. अधिकाऱ्यांनी छापील पावती पुढं सरकवली, "सर्व मूळ कागदपत्रे मिळाली". मी "सर्व" खोडून "सहा, यादीतील नग क्र. 3 बाकी" असं लिहिलं आणि मग सही केली. ते नाराज झाले. झाले तर झाले. "सर्व" वर सही केली असती तर उरलेल्या दिवसांचं काय मागणार होतो?

26 जुलैला ते खरेदीखत आलं, कोपरा दुमडलेला, पण मूळच. कागद खरंच हरवला असता तर बँकेला नक्कल काढून द्यावी लागते, तिचा खर्चही बँकेचाच, आणि तीस दिवस जादा मिळतात. भरपाई त्या साठ दिवसांनंतर सुरू होते. त्यामुळे "हरवलंय" असं तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा.

आता पैशाचं. 4 ते 26 जुलै म्हणजे तेवीस दिवस, 1,15,000 रुपये. ऑगस्टमध्ये खात्यात आले 60,000. बँकेनं मोजणी ना हरकत पत्राच्या 14 जूनपासून धरली, म्हणून बाराच दिवस. त्यांचं पत्र त्यांनीच उशिरा दिलं आणि त्याचा फायदाही त्यांनाच! परिपत्रकात मुदत कर्ज पूर्ण फेडल्यापासून मोजायची आहे, ना हरकत पत्रापासून नव्हे. साठ हजार मिळाले तर गप्प बसा, असं मेहुणा म्हणतो. त्याला पंचावन्न हजार द्यायला सांगितले की विषय बदलतो.

बँकेनं लेखी नकार दिला, म्हणून सप्टेंबरमध्ये cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार घातली. बँकेनं उत्तरच दिलं नसतं तर पत्र दिल्यापासून तीस दिवस थांबावं लागलं असतं. फी नाही. शिक्क्याची प्रत, खोडलेल्या पावतीचा फोटो आणि उतारा, एवढंच जोडलं.

एक काम मात्र मी विसरलो होतो. घरावरचा बोजा उतरवणं, हेही बँकेनं त्याच तीस दिवसांत करायचं असतं. तारण मालमत्तांची देशभराची नोंद ठेवणाऱ्या सरसाईच्या यादीत माझं घर ऑगस्टपर्यंत तारणच दिसत होतं. ती ओळ पत्रात हवी होती, म्हणून दहापैकी आठच गुण. उरलेले अकरा दिवस अजून लोकपालांच्या टेबलावर आहेत.