स्विचचं डिबाउन्सिंग: एसआर लॅच की काउंटर?

स्विच दाबला की त्याची पत्ती क्षणभर थडथडते आणि एका दाबाचे अनेक दाब दिसतात, ते गाळणं म्हणजे डिबाउन्सिंग. त्यासाठी दोन्ही वापरून झालेत, म्हणून जे अनुभवलं तेवढंच सांगतो. हाताने फिरवायचं कॉइल वाइंडिंग मशीन, त्याच्या शाफ्टवर एक कॅम, प्रत्येक फेऱ्याला तो मायक्रोस्विच दाबणार आणि डिस्प्लेवर टर्न वाढणार, एवढंच काम होतं.

आधी काउंटरवालं केलं, कारण कंट्रोलर होताच आणि जास्तीचा पार्ट लागत नव्हता. इनपुट बदलला की मोजायला सुरुवात करायची, मध्ये उडी मारली की परत शून्यापासून, आणि सलग २० मिलिसेकंद एकच लेव्हल राहिली तरच खरं मानायचं. हळू फिरवलं तर अगदी बरोबर. पण हात बसला आणि सेकंदाला ५ फेरे व्हायला लागले तसे टर्न गायब! हिशेब केला तेव्हा कळलं की एक फेरा २०० मिलिसेकंदांचा, कॅम त्यातला साधारण बारावा भाग स्विच दाबून धरतो, म्हणजे जेमतेम १७, मग २० कधी भरणारच नाहीत. डिस्प्लेवर आकडा कमी आणि कॉइलवर तार जास्त, सगळी उलगडायची. बरं, वेळ ५ वर आणली तर काही दिवस ठीक चाललं, मग स्विच जुना झाला आणि हळू फिरवताना मशीनच्या थरथरीने एकाच फेऱ्याचे दोन मोजायला लागला. तो आकडा नक्की किती ठेवायचा, हा घोळ काही संपेना आणि मला खरा त्रास त्याचाच झाला.

मग 74HC00 मधली दोन नँड गेट एकमेकांना उलटसुलट जोडून एसआर लॅच केला, म्हणजे शेवटची स्थिती धरून ठेवणारं सर्किट. दोन्ही इनपुटना १० के पुल-अप, स्विचचा कॉमन ग्राउंडला, एनसी म्हणजे न दाबता जुळलेलं टर्मिनल आणि एनओ म्हणजे दाबल्यावर जुळणारं, ही एकेका इनपुटला. पत्ती एनओला पहिल्यांदा टेकली की लॅच पलटतो, नंतर ती तिथे कितीही थडथडू दे, एनसीपर्यंत परत जात नाही तोवर आउटपुट हलत नाही. वेळेचा आकडाच नाही. एनसीची वायर तुटली तर लॅच परत रिसेट होत नाही आणि मोजणी थांबते, म्हणजे दोष लगेच दिसतो.

अडचण एकच, तीन टर्मिनलवाला स्विच लागतो, आणि तोही आधी सुटून मग जुळणारा. बोर्डवरच्या टॅक्ट स्विचला चार पाय दिसतात पण आत दोन-दोन पाय एकमेकांना जोडलेलेच असतात, म्हणजे टर्मिनल खरी दोनच, तिथे लॅच चालणार नाही. कीपॅड, मेनूची बटणं असली तर काउंटरच घ्या, माणसाच्या बोटाला २० मिलिसेकंद जाणवत पण नाहीत. आणि लॅच लावला तरी क्लॉकवाल्या सर्किटमध्ये नेताना सिग्नल क्लॉकशी जुळवायला दोन फ्लिप-फ्लॉपचा सिंक्रोनायझर ठेवा, ते काम लॅच करत नाही.

पण स्विच यंत्र दाबणार असेल आणि एकही दाब चुकून चालणार नसेल, तर मी तरी तिसरी वायर ओढेन.