टेप आणि खुंट्यांनी शेताचा नकाशा: लंब घ्यावेत की त्रिकोण पाडावेत?

हातात तीस मीटरचा टेप, दहा-बारा खुंट्या आणि मदतीला एक माणूस. एवढ्यावर शेताची हद्द कागदावर आणायची असेल तर दोन वाटा आहेत. पहिली वाट आधाररेषेची: शेतातून एक सरळ रेषा काढायची, तिच्यावरून टेप नेत जायचे आणि बांधाचा प्रत्येक बाक रेषेपासून काटकोनात किती लांब आहे ते मोजायचे. महसुली मोजणीत हीच रीत शंकू-साखळी म्हणून ओळखली जाते. दुसरी वाट त्रिकोणांची: कोपऱ्यांना खुंट्या मारायच्या, सगळ्या बाजू आणि एक कर्ण मोजायचा आणि घरी कंपासने तेच त्रिकोण लहान मापात काढायचे. हिच्यात काटकोन लागतच नाही.

माझे मत आधीच सांगतो. कोपरे त्रिकोणांनी बसवा आणि वाकडा बांध लंबांनी भरा. फक्त लंबांवर विसंबून लांबचे कोपरे ठरवू नका. असे का, ते एका शेताच्या आकड्यांवरून पाहू.

शेताचे चार कोपरे अ, ब, क, ड. अब ही रस्त्याकडची बाजू ७० मीटर, बक ५४.२५, कड ७२.१० आणि डअ ५०.१०. कड ही बाजू नाल्याकडची आहे. तिथे बांध सरळ नाही, दोन खुंट्यांमधल्या सरळ रेषेच्या बाहेर तो पोटासारखा फुगलेला आहे. शेत रिकामे आहे, म्हणून अक हा कर्ण सरळ मोजता आला: ९२.४० मीटर.

आधी त्रिकोण. कागदावर एक सेंटिमीटरला पाच मीटर हे माप धरले, तर अक १८.४८ सेंटिमीटरची रेघ होते. अ वरून १४ सेंटिमीटरचा आणि क वरून १०.८५ सेंटिमीटरचा कंस मारला की छेदतात तिथे ब. दुसऱ्या अंगाला त्याच पद्धतीने ड. क्षेत्र तिन्ही बाजूंवरून हिरोनच्या सूत्राने निघते. तिन्ही बाजूंच्या बेरजेचे अर्ध म्हणजे s, मग

क्षेत्र = √(s(s−a)(s−b)(s−c))

अबक १,८९१ चौरस मीटर येतो, अकड १,७९४. मिळून ३,६८५. नाल्याकडचे पोट अजून यात नाही.

आता तेच कोपरे फक्त लंबांनी काढून पाहू. आधाररेषा अक. ब पासून या रेषेवर लंब टाकला तर त्याचा पाया अ पासून ५६.८ मीटरवर पडतो आणि लंबाची लांबी ४०.९ मीटर भरते. म्हणजे तीस मीटरच्या टेपला तो एका दमात पुरतही नाही. समजा काटकोन नजरेने धरला आणि तो पाच अंशांनी चुकला. रिकाम्या रानात एवढी चूक डोळ्यांना दिसत नाही. मग पाया ६०.४ वर नोंदला जातो आणि लांबी ४१.१ येते. या आकड्यांवर त्रिकोणाचे क्षेत्र काढले तर १,८९८ येते, खऱ्यापेक्षा फक्त सात चौरस मीटर जास्त. पण नकाशावर ब हा कोपरा साडेतीन मीटरने सरकलेला असतो. क्षेत्र जवळजवळ बरोबर आणि आकार चुकलेला, आणि क्षेत्र जुळते म्हणून माणूस नकाशावर विश्वास ठेवतो. म्हणून क्षेत्र जुळले एवढ्यावर कधीच थांबू नये. अब ही बाजू सरळ टेपने मोजा आणि नकाशावरच्या अब शी ताडा. या चुकीत नकाशावरची अब ७३ मीटर दिसेल, शेतात ती ७० आहे. तीन मीटरचा फरक लपत नाही.

कारण साधे आहे. काटकोन थोडा चुकला की लंबाची लांबी फारच थोडी बदलते, पण बिंदू रेषेच्या दिशेने सरकतो. सरकण्याचे अंतर लंबाच्या लांबीवर अवलंबून असते: पाच अंशांच्या चुकीत चाळीस मीटरला साडेतीन मीटर, सहा मीटरला फक्त अर्धा मीटर. म्हणूनच लांबच्या कोपऱ्याला लंब घात करतो आणि जवळच्या बांधाला चालतो. बांध आधाररेषेला साधारण समांतर असेल तर बिंदू अर्धा मीटर पुढे-मागे झाला तरी बांधाची रेघ जवळपास तिथेच राहते.

नाल्याकडे लंबांचे हेच काम आहे. त्रिकोणांनी ते होणारच नाही, बांधाच्या प्रत्येक बाकाला त्रिकोण पाडायला दिवस पुरणार नाही. ड पासून क कडे टेप ताणून जमिनीवर ठेवा आणि दर बारा मीटरला बांधापर्यंत मोजा. आपल्या शेतात हे लंब २.१, ४.६, ५.८, ३.९ आणि १.७ मीटर आले, दोन्ही टोकांना शून्य. पाचांची बेरीज १८.१, गुणिले १२, म्हणजे २१७ चौरस मीटर. त्रिकोणांचे ३,६८५ धरून शेत ३,९०२ चौरस मीटर झाले, म्हणजे ३९ आर, साडेअडतीस गुंठ्यांच्या किंचित वर. नाल्याचे पोट सोडले असते तर दोन गुंठ्यांहून जास्त जमीन नकाशात आलीच नसती. बारा मीटरचा नियम मात्र डोळे झाकून पाळू नका. मधेच बांध एकदम वळत असेल तर तिथे जास्तीचा लंब घ्या, भले तो सात मीटरवर येवो. मग त्या पट्टीचे क्षेत्र वेगळे काढायचे: दोन लंबांची सरासरी गुणिले त्यांच्यामधले अंतर.

काटकोन धरण्याच्या युक्तीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण लंबांचा भरवसा तिच्यावरच उभा आहे. बरेच जण टेपचे शून्य बांधावर धरतात, दुसरे टोक रेषेवरून झुलवतात आणि सर्वांत लहान आकडा येईल तिथे लंबाचा पाया मानतात. आकडा बरोबर मिळतो, पाया मिळत नाही. दहा मीटरच्या लंबाला पायाच्या अर्धा मीटर अलीकडे किंवा पलीकडे गेले तरी आकडा सव्वा सेंटिमीटरच वाढतो, आणि टेपच्या झोळातच तेवढे जाते. त्यापेक्षा बांधावरच्या बिंदूपासून लंबाहून थोडे जास्त, समजा बारा मीटर, टेप धरा आणि तो रेषेला ज्या दोन जागी टेकतो तिथे खुंट्या मारा. दोन्ही खुंट्यांच्या बरोबर मधला बिंदू म्हणजे पाया. चारच्या आतले लंब नजरेने घेतले तरी बिघडत नाही. चार ते दहा-बारा मीटरचे लंब या दोन खुंट्यांच्या रीतीने घ्यावेत. त्यापुढे लंब घेऊच नये, तिथे नवा त्रिकोण पाडावा.

त्रिकोणांच्या बाजूने आणखी एक मोठी गोष्ट आहे ती तपासाची. चार बाजू आणि एक कर्ण यांतून नकाशा पुरा होतो, म्हणून दुसरा कर्ण बड मोकळा उरतो. तो शेवटी मोजा. आपल्या नकाशावर बड १६.७ सेंटिमीटर भरतो, म्हणजे शेतात ८३.६ च्या आसपास यायला हवा. वीस-पंचवीस सेंटिमीटरचा फरक या मापाच्या कागदावर आणि तीस मीटरच्या टेपला माफ आहे. एक-दीड मीटरचा फरक आला तर एखादी बाजू परत मोजायलाच हवी. आणि फरक मोठा असून तीसच्या जवळपास असेल तर टेपची एक पूर्ण लांबी मोजायची राहिली आहे. हे टाळायला प्रत्येक पूर्ण टेपाला पुढच्या माणसाने एक खुंटी रोवावी, मागच्याने ती उपटून जवळ ठेवावी. शेवटी मागच्याच्या हातातल्या खुंट्या मोजल्या की किती टेप झाले ते कळते. उताराच्या रानात टेप जमिनीला टेकवू नका, आडवा धरून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरा. दहा अंशांच्या उतारावर टेकवलेले तीस मीटर खरे साडेएकोणतीसच असतात.

मग त्रिकोण कधी सोडायचे? दोन वेळा.

वाटणीत निघालेली लांबट पट्टी, समजा बारा मीटर रुंद आणि दोनशे मीटर लांब. तिचा कर्ण जवळजवळ बांधाच्याच दिशेने जातो. मधे बांध कुठे आत आला, कुठे बाहेर गेला, हे कर्ण काहीच सांगत नाही. इथे पट्टीच्या मधून एक आधाररेषा काढा आणि डावीकडे-उजवीकडे सहा-सहा मीटरचे लंब घेत जा. एका फेरीत दोन्ही बांध हाती येतात. चार कोपरे मात्र इथेही रेषेवरच्या दोन-दोन खुंट्यांपासून मोजून बांधावेत. रेषा सरळ राहावी म्हणून दर तीस मीटरला काठी उभी करा आणि मागून पाहा: पुढच्या सगळ्या काठ्या पहिलीच्या आड गेल्या पाहिजेत. अशा पट्टीला मोबाइलवरचे क्षेत्र मोजायचे ॲप वापरू नये. मोकळ्या आभाळाखालीही फोनची जागा काही मीटरने चुकू शकते, आणि बारा मीटर रुंदीत तीन-चार मीटर म्हणजे पाव भाग.

दुसरी वेळ उभ्या पिकाची. ऊस उभा असेल, तुरीचे रान दाट असेल किंवा मधे विहीर-घर असेल, तर कर्ण मोजताच येत नाही. अशा वेळी बांधाला लागून आतून आधाररेषा काढा आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही रेषांवर दहा-दहा मीटरला खुंटी मारून त्या दोन खुंट्यांमधले अंतर मोजा. कोपऱ्याचा कोन त्यातून मिळतो. पण त्या लहान अंतरात पाच सेंटिमीटरची चूक सत्तर मीटरच्या टोकाला साधारण अर्ध्या मीटरची होते. घाई नसेल तर तोडणी होईपर्यंत थांबलेले बरे.

लंबांच्या नोंदीचा एक वेगळा उपयोग आहे. मुंबई इलाख्यातल्या जुन्या मोजणीत तेहतीस फुटांची साखळी होती, तिचे सोळा आणे, आणि साखळीभर लांब व साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. भूमी अभिलेखातले जुने टिपण याच साखळी-आण्यांत, आधाररेषा आणि लंब दाखवून काढलेले असते. तुमच्याकडे टिपणाची नक्कल असेल तर आपली आधाररेषा शक्यतो टिपणातल्याच दोन खुणांमधून घ्या. साखळी म्हणजे १०.०६ मीटर आणि आणा म्हणजे ६३ सेंटिमीटर धरले की दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडता येतात. फरक दिसला तर शेजाऱ्याच्या बांधात खुंटी मारायला जाऊ नका. आपण टेपने मोजतो तो आज उभा असलेला बांध, आणि तो सरकलेला असू शकतो. हद्द कायम करायची तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा लागतो. तो अर्ज करावा की नाही आणि भूकरमापक आल्यावर त्याला नेमका कुठला कोपरा दाखवायचा, हे ठरवायला तुमचा नकाशा पुरेसा आहे.