डबल चिनसाठी लाइट, सावली आणि लिक्विफाय : लग्नसराईभर वापरल्यानंतर

“दादा, हे हनुवटीखालचं जरा कमी कराल ना?” लग्नाच्या फोटोंत ही विनंती नवरीपेक्षा वरमाईकडून जास्त येते. गेली लग्नसराई मी अशा प्रत्येक पोर्ट्रेटला एकच क्रम ठेवला: आधी लाइट, मग सावली, आणि तरीही काही उरलं तरच फोटोशॉपचं लिक्विफाय. आता अल्बम छापून लोकांच्या घरी गेलेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

डबल चिन डोळ्यात भरते ती उजेडामुळे. जबड्याखालचा भाग गालाइतकाच उजळ असला की जबड्याची कड त्यात विरून जाते आणि तिच्याखालची घडी मात्र ठळक दिसते. हॉलमधली पांढरी फरशी खालून उजेड फेकते, कॅमेऱ्यावरचा समोरचा फ्लॅश सावलीच पडू देत नाही. दोन्हींचा परिणाम एकच. म्हणून मी सॉफ्टबॉक्स डोळ्यांच्या वर आणि किंचित बाजूला ठेवतो, म्हणजे जबड्याची सावली थेट गळ्यावर पडते. खालून रिफ्लेक्टर अजिबात नाही. उलट फ्रेमच्या बाहेर मांडीवर काळं कापड टाकतो. कॅमेरा डोळ्यांच्या थोडा वर. बसलेल्या व्यक्तीला सांगायचं, “कपाळ माझ्याकडे आणा, मग हनुवटी थोडी खाली घ्या.” बाजूने पाहिलं तर ही पोझ विचित्र दिसते, समोरून मात्र जबडा स्वच्छ सुटा होतो. लाइट किती वर न्यायचा, ते डोळ्यांतल्या चमकेवरून कळतं. ती नाहीशी झाली की खोबण्या काळ्या पडू लागतात. तेव्हा स्टँड खाली घ्यायचा.

एवढ्यावर बरेचसे फोटो जमतात. पुढचं काम कसं चालतं ते एका फोटोवरून सांगतो. साठीच्या वरमाई, पैठणी, गळ्यात घट्ट ठुशी. ठुशीने गळ्याचा मऊ भाग वर ढकलला होता, त्यामुळे लाइट बरोबर असूनही डावीकडे एक उजळ पट्टी उरली होती. मी कर्व्ह्जचा लेयर घेतला, मधला बिंदू खाली ओढला, Ctrl+I करून मास्क काळा केला आणि मऊ पांढऱ्या ब्रशने, फ्लो 4 टक्के ठेवून, ती पट्टी हळूहळू शेजारच्या सावलीत मिसळली. जबड्याच्या कडेवर ब्रश नेला नाही, कारण ती कड उजळ राहिली तरच खालची सावली खरी वाटते. सावळ्या त्वचेवर असं गडद करताना रंग तांबूस होतो. तसं दिसलं की लेयरचा ब्लेंड मोड Luminosity करायचा. अगदी काळंही करायचं नाही. छपाईत सावल्या स्क्रीनपेक्षा गडद येतात आणि मग गळ्यावर डाग पडल्यासारखं दिसतं.

आता उरला होता फक्त आकार: डाव्या जबड्याखाली बाह्यरेषेला आलेला छोटा फुगवटा. लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करून लिक्विफाय उघडलं, म्हणजे नंतर कधीही मागे जाता येतं. फ्रीझ मास्कने ठुशी, कानातले आणि ओठ झाकले. मग फॉरवर्ड वार्प, प्रेशर 15च्या आसपास, आणि ब्रश फुगवट्यापेक्षा चांगला मोठा. लहान ब्रशने कड लाटांसारखी होते. मोठ्या ब्रशने दोन-तीन हलके धक्के पुरतात. धक्का वर आणि आत, जबड्याच्या दिशेने. ठुशीचे मणी गोल आहेत की लांबट झालेत, हे लगेच तपासायचं. मण्यांइतका प्रामाणिक पुरावा दुसरा नाही. त्यानंतर त्वचेची छिद्रं ताणली गेलीत का, आणि मागची खांबाची किंवा पडद्याची सरळ रेघ वाकली का, तेही पाहायचं.

त्याच खिडकीत चेहरा ओळखून बदल करणारे स्लायडर आहेत. या कामासाठी Jawline मला पटला नाही. तो दोन्ही बाजूंनी जबडाच बदलतो, खालचा मऊ भाग तसाच राहतो, आणि घरच्यांना चेहरा ‘वेगळा’ वाटतो. Chin Height चेहऱ्याची लांबी बदलतो. तो मी शून्यावरच ठेवतो.

या पद्धतीची मर्यादा कळते ती पूर्ण बाजूच्या फोटोत. तिथे हनुवटीपासून गळ्यापर्यंतची रेघच दिसते, सावलीत लपवायला जागा नसते, आणि लिक्विफायने जास्त ओढलं की मान कापल्यासारखी दिसते. असा फोटो मी चेहरा थोडा कॅमेऱ्याकडे वळवून पुन्हा घेतो. स्टेजवरच्या गर्दीतल्या ग्रुप फोटोंत ते शक्य नसतं. तिथे नुसतं गडद करणं वापरतो, तेही अगदी हलकं, आणि लिक्विफायला हात लावत नाही: एकीचा जबडा सरकवला की शेजारणीचा खांदा आणि साडीची किनार सोबत सरकते.