सोडियम दिव्याखालची गाडी: व्हाइट बॅलन्स की दुसरा उजेड?

केशरी दिव्याखालच्या फोटोतून गाडीचा रंग ओळखायचा, तर बहुतेक जण आधी व्हाइट बॅलन्सकडे वळतात. खासगी गाडीच्या पांढऱ्या नंबरप्लेटवर आयड्रॉपर टेकवला की केशरी छटा उतरते आणि पांढरी गाडी राखाडीपासून उजळपणावरून बऱ्यापैकी वेगळी काढता येते. मात्र प्लेट पांढरीच आहे याची खात्री हवी. या उजेडात टॅक्सीची पिवळी प्लेटही जवळपास तशीच दिसते.

गडद गाडीला हा उपाय पुरत नाही. सोडियमचा प्रकाश मुख्यतः 589 नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला, निळा त्यात जेमतेम. म्हणून गडद निळी गाडी काळी दिसते. निळा चॅनेल ताणला, तर रंगाऐवजी नुसते ठिपके वर येतात, आणि ते काळ्या गाडीवरही येतात.

तिथे मी फोटोत दुसरा उजेड शोधतो: दुकानाचा पांढरा एलईडी, मागच्या गाडीचा हेडलाइट. तो दारावर पडला असेल, तर तेवढाच पट्टा मोठा करून पाहावा. चकाकता ठिपका सोडून द्या, तो दिव्याचाच रंग दाखवतो. त्याच्या कडेचा मंद भाग बघा. तिथे निळी झाक असेल आणि त्याच उजेडातला टायर मात्र निळसर नसेल, तर गाडी निळी. असा पट्टाच नसेल, तर ‘गडद रंग’ एवढंच लिहावं.