बिल फिकट छापतंय: रिबन बदलावी, लिव्हर हलवावा की हेडला हात घालावा?

काउंटरवरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर फिकट छापायला लागला की हात आधी नव्या रिबनकडे जातो. बऱ्याचदा ते बरोबरही ठरतं, कारण या यंत्रात रोज झिजणारी वस्तू तीच. पण फिकेपणाची नेहमीची कारणं तीन आहेत, तिघांचा खर्च वेगळा आहे, आणि नव्या रिबनने त्यातलं एकच मिटतं. कुठलं कारण आहे हे कळायला बिलाची दुसरी प्रत पुरते.

वरच्या प्रतीवर अक्षर रिबनच्या शाईने उमटतं. खालच्या प्रतीपर्यंत ती शाई पोचत नाही. तिथे पिनेच्या ठोक्याचा दाब कार्बनवर किंवा कार्बनलेस कागदाच्या लेपावर पडतो आणि अक्षर तयार होतं. म्हणून वरची प्रत शाई आणि ठोका दोन्हींबद्दल सांगते, खालची फक्त ठोक्याबद्दल.

| वरची प्रत | खालची प्रत | संशय कशावर |
|---|---|---|
| फिकट | ठळक | रिबन |
| बरी किंवा फिकट | फिकट | हेड आणि प्लॅटन, म्हणजे कागदामागचा रोलर, यांमधलं अंतर |
| अक्षरांतून आडवी पांढरी रेघ | त्याच उंचीवर तीच रेघ | पिन |

कार्बनलेस कागद जुना झाला असेल तरी खालची प्रत फिकट येते, त्यामुळे ही तपासणी ताज्या गठ्ठ्यावर करावी. एकाच प्रतीचं बिल असेल तर खाली कार्बन आणि कोरा कागद ठेवून एक बिल काढलं की झालं. आणि मोड ‘हाय स्पीड ड्राफ्ट’वर असेल तर प्रिंटर मुद्दामच कमी ठिपके मारतो. ते बिघाड समजून कोणी हेड उघडू नये.

रिबन

शाई संपत आली की फिकेपणा हळूहळू वाढतो आणि ओळभर सारखा दिसतो. काही ठिकाणी ठळक, काही ठिकाणी फिकट असे पट्टे येत असतील तर रिबन फिरत नसण्याची शक्यता असते. तिच्यावर पेनाने एक खूण करायची, थोडं छापायचं आणि खूण सरकली का ते पाहायचं. सरकली नसेल तर कार्ट्रिजमधलं किंवा ती फिरवणारं गिअर अडकलं आहे, आणि त्या प्रिंटरमध्ये नवी रिबनही एकाच जागी झिजत राहील.

जुन्या रिबनला पुन्हा शाई भरणं स्वस्त पडतं, पण शिक्क्याच्या पॅडची शाई त्यात घालू नये. रिबनची शाई पिनांना वंगण म्हणूनही काम करते. भलती शाई पिनांच्या वाटेत सुकते आणि पिना जाम होतात. कापडाचे धागे निघाले असतील किंवा भोक पडलं असेल, तर शाई कितीही शिल्लक असली तरी ती रिबन टाकावी. हेड सरकताना पिनेचं टोक अशा धाग्यात अडकतं आणि वाकतं किंवा तुटतं. रिबनवर वाचवलेले पैसे मग हेडवर जातात.

लिव्हर

कागदाच्या जाडीप्रमाणे हेड पुढे-मागे करणारा लिव्हर बहुतेक प्रिंटरांना असतो. कोणी तो जाड पाकिटासाठी मागे नेला आणि तसाच राहिला, तर एकेरी बिल फिकट येतं. उलट तो फार जवळ असेल तर रिबन कागदाला घासते, कडेला काळे डाग पडतात आणि जाड संच अडकतो. एकेक खाच बदलून पाहायला काहीच खर्च नाही, म्हणून रिबन विकत घ्यायच्या आधी हे करावं. ओळीचं एक टोक ठळक आणि दुसरं फिकट असेल तर मात्र लिव्हरने काम होणार नाही. तिथे हेडचा दांडा आणि प्लॅटन समांतर राहिलेले नसतात, आणि ते जुळवणं तंत्रज्ञाचं काम आहे.

पिन

९ पिनांच्या हेडमध्ये पिना एकाखाली एक, १/७२ इंचावर असतात. एक पिन मारेनाशी झाली की प्रत्येक अक्षरात सुमारे ०.४ मिलिमीटरची पांढरी फट पडते. २४ पिनांच्या हेडमध्ये ठिपके एकमेकांवर चढतात, त्यामुळे एका पिनेची उणीव केसाएवढी दिसते आणि ती बराच काळ कोणाच्या लक्षातही येत नाही.

९ पिनांच्या ड्राफ्ट छपाईत आकडे साधारणपणे वरच्या ७ पिना काढतात. समजा, वरून चौथी पिन गेली. इंग्रजी 8 ची मधली आडवी रेघ नेमकी तीच काढते. ती गेल्यावर 8 आणि 0 (मधून तिरकी रेघ नसलेलं) दोन्ही सारखेच दिसतात. बिलावर 180 आणि 100 यांत फरक उरत नाही. अशा काउंटरवर नवी रिबन घातली, तर छपाई काळीभोर होते, पण रेघ राहतेच आणि आकडा तितकाच चुकीचा वाचला जातो. म्हणून पांढरी रेघ दिसली की फिकेपणापेक्षा ती आधी मिटवायला हवी, असं माझं मत आहे. नववी पिन गेली तर फक्त अधोरेखा आणि g, p, y यांच्या शेपट्या जातात. त्यावर काही दिवस काम भागवता येतं.

सॉफ्टवेअरचा दोष नाही याची खात्री करायला सेल्फ टेस्ट काढावी. बऱ्याच प्रिंटरांवर `LF/FF` बटण दाबून धरून वीज चालू केली की ती सुरू होते. रेघ तिथेही आली, तर वीज काढून हेड थंड होऊ द्यायचं, कारण छपाईनंतर त्याने बोट भाजतं. मग हेडचं तोंड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून पुन्हा छापायचं. रेघ गेली तर पिन नुसती जाम झाली होती. राहिली तर मल्टिमीटरने हेडच्या सगळ्या कॉइलांचा रोध मोजावा. एकच वेगळी निघाली तर ती कॉइल गेलेली. सगळ्या सारख्या असतील तर पिनेचं टोक तुटलेलं किंवा झिजलेलं, नाहीतर केबल किंवा बोर्डाचा दोष. रेघ ओळीच्या ठरावीक भागातच येत-जात असेल तर हेडची पट्टी केबल चिरलेली असण्याचा संशय जास्त.

पिन बदलून हेड दुरुस्त करावं की नवं घ्यावं? एकच पिन गेली असेल आणि बाकीच्या धड असतील तर दुरुस्ती चालते, पण नवी पिन बाकीच्यांच्या बरोबरीत घासून बसवायला हवी. लांब राहिली तर ती रिबन फाडते, आखूड राहिली तर त्या जागी फिकट रेघ कायम राहते. दोन-तीन पिना गेल्या असतील तर उरलेल्याही झिजलेल्याच असतात, तेव्हा मी नवं हेड घेईन.

दोन्ही प्रसंगी हेड बसवण्याआधी बोर्डावरचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर तपासून घ्यायला तंत्रज्ञाला सांगावं. शॉर्ट झालेली कॉइल आपला ट्रान्झिस्टर सोबत घेऊन जाते, आणि शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर नव्या हेडच्या त्याच कॉइलला सतत वीज देत राहून तीही जाळतो. बोर्ड आणि हेड दोन्ही बदलायची वेळ आली आणि प्लॅटनवरही ठोक्यांचे खड्डे पडलेले असतील, तर तो खर्च त्याच प्रिंटरवर करण्यापेक्षा दुसरा प्रिंटर घ्यावा.