कार्यविश्लेषण, कार्यवर्णन की कार्यविनिर्देश? वस्तुनिष्ठ प्रश्नांत उत्तर कसे ठरवावे

मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांमध्ये जॉब अ‍ॅनालिसिस, जॉब डिस्क्रिप्शन आणि जॉब स्पेसिफिकेशन, म्हणजेच कार्यविश्लेषण, कार्यवर्णन आणि कार्यविनिर्देश, हे तिन्ही पर्याय बहुधा एकाच प्रश्नाखाली दिलेले असतात आणि नीट अभ्यास केलेला उमेदवारही तेथे अडखळतो. व्याख्या त्याला पाठ असतात. समोर दिलेले वाक्य कोणत्या व्याख्येखाली घालायचे हे ठरवण्याची कसोटी मात्र हाताशी नसते, आणि केवळ व्याख्या पुन्हा पुन्हा वाचून ती मिळत नाही. एखादे प्रत्यक्ष पद घेऊन त्याविषयीची एकच माहिती तिन्ही ठिकाणी कोणत्या रूपात येते हे पाहिले, तर फरक पक्का लक्षात राहतो.

या तिघांतील पहिला भेद सर्वांत सोपा आहे आणि निम्मे प्रश्न त्यावरच सुटतात. कार्यविश्लेषण ही प्रक्रिया आहे, तर कार्यवर्णन आणि कार्यविनिर्देश हे त्या प्रक्रियेतून तयार होणारे लेखी दस्तऐवज आहेत. त्यामुळे प्रश्नात ‘लेखी विधान’, ‘नोंद’ किंवा ‘दस्तऐवज’ असे म्हटले असेल, तर विश्लेषणाचा पर्याय तेथेच बाद करावा. ‘माहिती गोळा करणे’, ‘तपासणे’, ‘अभ्यासणे’ अशी क्रिया सांगितली असेल, तर उरलेले दोन्ही पर्याय बाद करावेत. ‘कार्यविश्लेषणाचे फलित कोणते?’ या प्रश्नाखाली वर्णन आणि विनिर्देश हे दोन पर्याय स्वतंत्रपणे देऊन शेवटी ‘वरील दोन्ही’ असे दिलेले असेल, तर उत्तर तेच असते. घाईत वाचणारा मात्र पहिला ओळखीचा शब्द दिसताच तेथे खूण करून मोकळा होतो.

खरी अडचण दोन दस्तऐवजांमध्ये आहे. त्यासाठी एका मोठ्या गोदामात येणारा माल ताब्यात घेणाऱ्या लिपिकाचे पद पाहू. विश्लेषक प्रथम माल उतरवण्याच्या जागेवर उभा राहून निरीक्षण करतो. गाडी आल्यावर लिपिक चालकाकडून चलन घेतो, ते खरेदी आदेशाशी ताडून पाहतो, खोकी मोजतो, फुटलेला माल बाजूला काढतो आणि संगणकावर आवक नोंदवतो. एवढे पाहून काम समजले असे वाटते, परंतु निरीक्षणाला ठरावीक मर्यादा असतात. डोक्यात चालणारा विचार आणि क्वचितच उद्भवणारा प्रसंग त्याच्या टप्प्यात येत नाहीत. म्हणून विश्लेषक लिपिकाची आणि त्याच्या पर्यवेक्षकाची वेगवेगळी मुलाखत घेतो आणि लिपिकाला काही दिवस कामाची रोजनिशी ठेवायला सांगतो. मुलाखतीत माणूस आपले काम थोडे फुगवून सांगण्याचा संभव असतो, आणि ती त्रुटी रोजनिशीने काही अंशी भरून निघते.

समजा, या रोजनिशीतून असे दिसले की, चलन आणि प्रत्यक्ष माल यांत तफावत निघाली की लिपिकाचा बराच वेळ पुरवठादाराशी बोलण्यात आणि खरेदी विभागाला कळवण्यात जातो. पदाच्या जुन्या कागदावर ‘आवक नोंदी ठेवणे’ एवढीच ओळ होती आणि पर्यवेक्षकानेही मुलाखतीत तेवढेच सांगितले होते. ही विसंगती उघड होणे हेच विश्लेषणाचे खरे काम आहे. विश्लेषक आता आणखी एक पद्धत वापरू शकतो. पर्यवेक्षकाला तो असे प्रत्यक्ष प्रसंग सांगायला लावतो, ज्यांत लिपिकाच्या विशिष्ट वागण्यामुळे काम विशेष चांगले झाले किंवा बिघडले. निर्णायक प्रसंग पद्धती या नावाने ती ओळखली जाते, जॉन फ्लॅनगन यांनी ती 1954 मध्ये सविस्तर मांडली, आणि तिचे नाव प्रश्नपत्रिकेत आले की तो प्रश्न कार्यविश्लेषणाच्या पद्धतींचा आहे हे ओळखावे.

आता या माहितीतून कार्यवर्णन लिहिले जाते. त्यात पदाचे नाव, विभाग, लिपिक कोणाच्या हाताखाली काम करतो, कामाचा थोडक्यात उद्देश, कर्तव्ये, वापरायची साधने, अधिकारांची मर्यादा आणि कामाची परिस्थिती या बाबी येतात. ‘चलन व खरेदी आदेश यांची पडताळणी करणे’, ‘तफावत आढळल्यास त्याच दिवशी खरेदी विभागाला लेखी कळवणे’ आणि ‘काम उघड्या धक्क्यावर असून खोक्यांचे वजन 20 किलोपर्यंत असते’ ही वाक्ये वर्णनातील आहेत. त्यांत माणसाविषयी एक शब्दही नाही. उद्या त्या खुर्चीवर दुसरी व्यक्ती आली तरी ती वाक्ये जशीच्या तशी राहतील.

त्यानंतर त्याच माहितीवरून कार्यविनिर्देश तयार होतो आणि तो त्या खुर्चीवर बसणाऱ्या व्यक्तीत किमान काय असले पाहिजे हे सांगतो. पडताळणीचे कर्तव्य असल्यामुळे आकडे आणि कोड अचूक वाचण्याचे कौशल्य आवश्यक ठरते; तफावत कळवायची असल्यामुळे फोनवर मुद्देसूद बोलणे आणि थोडक्या शब्दांत लेखी कळवणे जमले पाहिजे; खोकी जड असल्यामुळे 20 किलो वजन सुरक्षितपणे उचलण्याची क्षमता हवी. विनिर्देशातील प्रत्येक ओळ अशी वर्णनातील एखाद्या ओळीकडे बोट दाखवू शकली पाहिजे. ज्या ओळीला असे बोट दाखवता येत नाही, ती विश्लेषणातून न येता कोणाच्या तरी आवडीनिवडीतून किंवा जुन्या सवयीतून तेथे आली आहे असे समजावे.

या उदाहरणातील 20 किलोच्या आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सर्वांत फसवे प्रश्न नेमके येथेच तयार होतात. खोक्याचे वजन ही कामाविषयीची वस्तुस्थिती आहे आणि ती वर्णनात बसते. तेवढे वजन उचलण्याची शारीरिक क्षमता हा व्यक्तीचा गुण आहे आणि तो विनिर्देशात जातो. ‘शारीरिक’ हा शब्द दिसला म्हणून विनिर्देश, किंवा ‘वजन’ दिसले म्हणून वर्णन, असे ठोकळ उत्तर देता येत नाही. वाक्याचा कर्ता शोधावा. जे सांगितले आहे ते कामाबद्दल असेल तर वर्णन आणि काम करणाऱ्याबद्दल असेल तर विनिर्देश. ‘रात्रपाळी असते’ हे वर्णन आहे, ‘रात्रपाळीत काम करण्याची तयारी असावी’ हा विनिर्देश आहे. शिक्षण, अनुभव, कौशल्य, स्वभाव आणि निर्णयक्षमता या शब्दांबाबत सहसा संदिग्धता राहत नाही, कारण ते कामाला चिकटतच नाहीत.

ही कसोटी एका ठिकाणी अपुरी पडते आणि ते आधीच सांगितलेले बरे. बऱ्याच संस्थांमध्ये आणि काही पाठ्यपुस्तकांतही विनिर्देश हा कार्यवर्णनाच्याच दस्तऐवजातील शेवटचा भाग म्हणून दिलेला असतो, आणि ज्याला रोजच्या बोलण्यात जेडी म्हणतात त्यात दोन्ही मजकूर एकत्र असतात. म्हणून कार्यालयातील कागद डोळ्यांसमोर ठेवून उत्तर देणाऱ्या अनुभवी व्यक्तीचाही गोंधळ उडतो, कारण तिने ‘पदवी आवश्यक’ ही ओळ नेहमी जेडीतच वाचलेली असते. प्रश्न दोघांना वेगवेगळे पर्याय म्हणून देत असेल, तर प्रश्नकर्त्याने ती विभागणी मान्य केलेली आहे असे धरून कागद कसा बांधला आहे याचा विचार सोडावा आणि मजकूर कशाबद्दल आहे एवढेच पाहावे. भरतीच्या जाहिरातीबाबतही हेच लागू पडते. तिच्यात कामाची ओळख आणि अपेक्षित पात्रता शेजारी शेजारी छापलेल्या असतात, म्हणून जाहिरात या दोन्हींपैकी कोणताही एक दस्तऐवज ठरत नाही.

आणखी एक पर्याय अधूनमधून या तिघांत मिसळून दिला जातो, तो म्हणजे जॉब इव्हॅल्यूएशन, अर्थात कार्यमूल्यमापन. पदांची परस्परांशी तुलना करून वेतनाच्या दृष्टीने त्यांचे सापेक्ष मूल्य ठरवणे हे त्याचे काम आहे. प्रश्नात वेतनरचना आणि ‘सापेक्ष’ हे शब्द एकत्र दिसले की उत्तर बहुधा तेच असते.

विनिर्देश विश्लेषणातून निघाला नाही तर काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर हा खटला आहे. उत्तर कॅरोलिनातील एका वीजनिर्मिती केंद्रात कृष्णवर्णीय कामगारांना फक्त श्रमिक विभागात ठेवले जाई. इतर विभागांसाठी कंपनीने 1955 पासून माध्यमिक शाळेच्या पदविकेची अट घातली आणि भेदभावास बंदी घालणारा कायदा 1965 मध्ये अमलात आला तेव्हा तिच्या जोडीला दोन अभियोग्यता चाचण्या आणल्या. विनिर्देश म्हणून हे वाचायला निर्दोष दिसते, कारण शिक्षण आणि चाचणीतील गुण या दोन्ही व्यक्तीविषयीच्या अटी आहेत. परंतु अट लागू होण्याआधी नेमलेले, पदविका नसलेले गोरे कर्मचारी त्याच विभागांत समाधानकारक काम करत होते, म्हणजे कामाला त्या पदविकेची गरज असल्याचे कोठेही दिसत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये एकमताने असा निर्णय दिला की, एखादी अट एका गटाला प्रमाणाबाहेर वगळत असेल आणि प्रत्यक्ष कामाशी तिचा संबंध दाखवता येत नसेल, तर मालकाचा हेतू भेदभावाचा नसला तरी ती अट कायद्यात बसत नाही.

या खटल्यावर आधारित प्रश्न विचारला गेला, तर तेथेही हाच क्रम उपयोगी पडतो. वादात असलेल्या पदविका आणि चाचण्या या कार्यविनिर्देशातील अटी होत्या. त्यांना आधार देऊ शकणारी, परंतु कंपनीला न्यायालयापुढे दाखवता न आलेली गोष्ट कार्यविश्लेषणाची होती. ‘निवडीच्या निकषांना कायदेशीर आधार कशातून मिळतो?’ असा प्रश्न आला तर विनिर्देश हा पर्याय जवळचा वाटला तरी उत्तर कार्यविश्लेषण हे आहे, कारण विनिर्देशात निकष केवळ लिहिलेला असतो आणि तो कामाशी जोडलेला असल्याचा पुरावा विश्लेषणाच्या नोंदींतच सापडतो.